लिहिलेले एक, वाचायचे दुसरे: कोरियन अन्त्य व्यंजनांच्या ध्वनिबदलांच्या कार्यपत्रिका कशा सोडवाव्यात

कोरियन मालिका पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर 감사합니다 हा आभाराचा शब्द पडलेला असतो. ऐकताना तो ‘काम्साहाम्निदा’ असा ऐकू येतो. तोच शब्द पहिल्यांदा हांगुल लिपीत वाचणारा विद्यार्थी मात्र चौथ्या अक्षरापूर्वी अडखळतो, कारण तिसऱ्या अक्षराच्या तळाशी ㅁ (म्) नसून ㅂ (प्) आहे. लिहिताना ‘हाप्‌निदा’ आणि बोलताना ‘हाम्निदा’, असा हा प्रकार आहे. या फरकाला निश्चित नियम आहेत आणि ते एका ठरावीक क्रमाने लावले, तर उच्चार व शुद्धलेखनाच्या कार्यपत्रिकेतील जवळजवळ प्रत्येक ओळ तर्काने सोडवता येते. तो क्रम या लेखात एका वाक्याच्या आधारे दाखवला आहे. वाचकाला हांगुलची अक्षरे ओळखता येतात, असे गृहीत धरले आहे.

लेखन आणि उच्चार वेगळे का

कोरियन अक्षराच्या तळाशी बसणाऱ्या व्यंजनाला 받침 (बात्‌छिम) म्हणतात. या शब्दाचा अर्थ ‘खालचा आधार’ असा आहे. राजा सेजोंग यांच्या काळात, म्हणजे 1446 मध्ये लिपी जाहीर झाली तेव्हा तिच्या स्पष्टीकरणग्रंथात तळाशी लिहिण्यास आठ व्यंजने पुरेशी आहेत असे म्हटले होते. त्यामुळे पुढे दीर्घकाळ लोक बरेचसे ऐकू येईल तसेच लिहीत. 1933 मध्ये कोरियन भाषा परिषदेने लेखनाचे एकत्रित नियम प्रसिद्ध केले आणि वेगळे तत्त्व रूढ झाले. शब्द उच्चाराप्रमाणे लिहावा, परंतु शब्दाचे मूळ रूप डोळ्यांना ओळखता आले पाहिजे, असे ते तत्त्व होय. ‘फूल’ या अर्थाचा 꽃 हा शब्द कोणत्याही प्रत्ययापुढे 꽃 असाच लिहायचा, मग त्याचा उच्चार प्रसंगानुसार [꼳], [꼬ㅊ] किंवा [꼰] का होईना.

या बदलांपैकी काही मराठी वाचकाला अगदी परके नाहीत. शाळेत आपण व्यंजनसंधीमध्ये वाक् + निश्चय = वाङ्निश्चय, षट् + मास = षण्मास, जगत् + नाथ = जगन्नाथ असे शिकलो. अनुनासिकापूर्वीचे व्यंजन आपल्याच वर्गातील अनुनासिक होते, हा तो नियम. कोरियनमध्ये हीच क्रिया रोजच्या बोलण्यात सतत घडते. फरक इतकाच की आपण संधी झाल्यावर बदललेले रूप लिहितो आणि कोरियन लेखक संधीपूर्वीचे रूप लिहून बदल वाचणाऱ्यावर सोपवतो. कोरियन वाचणे म्हणजे ‘जगत्‌नाथ’ असे छापलेले पाहून तोंडाने ‘जगन्नाथ’ म्हणणे. ही तुलना मनात पक्की असेल, तर पुढचे अर्धे काम हलके होते.

कार्यपत्रिका आखण्यापूर्वी एक सूचना

वहीच्या पानावर चार रकाने आखावेत. पहिल्यात छापील शब्द, दुसऱ्यात ‘तळाशी काय आणि पुढे काय’, तिसऱ्यात चौकटी कंसात उच्चार आणि चौथ्यात लावलेला नियम दोन-तीन शब्दांत. तिसऱ्या रकान्यातील उच्चार हांगुलमध्येच लिहावा, देवनागरीत नव्हे. कोरियन शब्दकोशही उच्चार असाच चौकटी कंसात हांगुलमध्ये देतात. देवनागरीत लिहिले की दोन गोष्टी हातून निसटतात. ㅓ आणि ㅡ या स्वरांना आपल्याकडे नेमके अक्षर नाही. शिवाय ㄱ हे शब्दारंभी ‘क’सारखे आणि दोन स्वरांच्या मध्ये ‘ग’सारखे ऐकू येत असल्यामुळे विद्यार्थ्याला तेथे नियम लागला असे वाटते, जेव्हा प्रत्यक्षात व्यंजन तेच राहिलेले असते. या लेखात देवनागरी उच्चार दिले आहेत, ते केवळ कानाला अंदाज यावा म्हणून.

रोमन लिपीवरही विसंबू नये. कोरियात 2000 पासून वापरात असलेली रोमन पद्धत काही बदल दाखवते. सोलमधील 종로 या भागाचे नाव फलकावर ‘जोंग्नो’ असे वाचता येईल अशा रीतीने लिहिलेले असते. परंतु व्यंजन कडक होण्याचा, म्हणजे ㄱ चा ㄲ किंवा ㄷ चा ㄸ होण्यासारखा, बदल ती पद्धत दाखवत नाही, त्यामुळे 압구정 चा [압꾸정] हा उच्चार रोमन फलकावरून कळत नाही.

पहिली पायरी: पुढे काय आहे ते पाहणे

नियम आठवण्याची घाई करण्याआधी प्रत्येक बात्‌छिमखाली पेन्सिलीने खूण करावी आणि त्याच्या लगेच पुढे काय येते ते नोंदवावे. शक्यता तीनच असतात. पुढे विराम असेल, पुढे स्वर असेल किंवा पुढे व्यंजन असेल. अक्षराच्या आरंभीचा ㅇ हा रिकामा असतो, म्हणून 이, 에, 을, 어 यांसारखी अक्षरे स्वरात मोजावीत. तळाचा ㅇ मात्र ‘ङ्’ असा खरा ध्वनी आहे. एकाच चिन्हाची ही दोन कामे सुरुवातीला बऱ्याच चुकांना कारण ठरतात.

आपण पुढील वाक्य सोडवू:

닭이 밭에 들어왔는데 같이 쫓는 사람이 없다.

अर्थ असा की कोंबडी शेतात शिरली आहे, पण सोबतीने तिला हुसकावणारे कोणी नाही. दुसऱ्या रकान्यातील नोंदी अशा होतील: 닭 पुढे स्वर, 밭 पुढे स्वर, 들 पुढे स्वर, 왔 पुढे ㄴ, 같 पुढे स्वर, 쫓 पुढे ㄴ, 람 पुढे स्वर, 없 पुढे ㄷ. 는 मधील ㄴ आणि त्यापुढील 데, 사람 यांच्या आरंभीची व्यंजने यांच्या भेटीत काही बदलत नाही, म्हणून ती सोडून दिली.

दुसरी पायरी: पुढे स्वर असल्यास

पुढे स्वर असेल तर तळाचे व्यंजन उचलून रिकाम्या ㅇ च्या जागी बसवायचे आणि त्याचा मूळ ध्वनी तसाच ठेवायचा. कोरियन कार्यपत्रिकांमध्ये यासाठी दोन अक्षरांना जोडणारी छोटी कमान काढतात. ती काढण्याची सवय उपयोगी आहे. 사람이 चे [사라미] (सारामी), 들어 चे [드러], 밭에 चे [바테] (पाथे). 밭 मधील ㅌ येथे ‘थ’ म्हणून पूर्ण ऐकू आला पाहिजे. तळाशी दोन वेगळी व्यंजने असतील तर पहिले जागेवर राहते आणि दुसरे पुढे सरकते, म्हणून 닭이 चा प्रमाण उच्चार [달기] (तालगी) होतो. सरकणारे दुसरे व्यंजन ㅅ असेल तर ते कडक होते, जसे 값이 [갑씨].

या पायरीला चार अपवाद आहेत. त्यांपैकी दोन झटकन सांगता येतात. तळाचा ㅇ सरकत नाही, 강이 हे [강이] च राहते. आणि क्रियाधातूच्या तळाचा ㅎ स्वरापूर्वी नाहीसा होतो, 좋아 चे [조아] होते.

तिसऱ्या अपवादावर थांबले पाहिजे, कारण तो आपल्या वाक्यात आहे. तळाशी ㄷ किंवा ㅌ असून पुढे प्रत्ययाचा 이 आला, तर व्यंजन तालव्य होते, म्हणजे ㄷ चा ㅈ आणि ㅌ चा ㅊ. म्हणून 같이 चा उच्चार [가치] (काछी) आहे. 밭에 आणि 밭이 ही जोडी कार्यपत्रिकेत शेजारी-शेजारी लिहावी, म्हणजे पहिल्याचा [바테] आणि दुसऱ्याचा [바치] असा भेद डोळ्यांसमोर राहतो. बदल 이 मुळे होतो, 에 किंवा 을 मुळे नाही. तो 이 प्रत्ययाचा असणेही आवश्यक आहे. 밭이랑 हा शब्द ‘शेतासह’ या अर्थी [바치랑] वाचतात, परंतु ‘शेतातील वरंबा’ या अर्थी, जेथे 이랑 हा स्वतंत्र अर्थाचा शब्द आहे, तेथे [반니랑] वाचतात. लेखन अक्षरशः एक आणि उच्चार दोन. अशा ठिकाणी अर्थ समजल्याशिवाय उच्चार ठरवता येत नाही, हे विद्यार्थ्याने मान्य करावे.

चौथा अपवादही अर्थाशी निगडित आहे. पुढे येणारा स्वर प्रत्ययाचा नसून ㅏ, ㅓ, ㅗ, ㅜ, ㅟ यांनी सुरू होणाऱ्या स्वतंत्र शब्दाचा असेल, तर तळाचे व्यंजन आधी पुढील पायरीतील सात ध्वनींपैकी एक होते आणि मगच सरकते. 옷이 (कपडा, कर्ता) चे [오시] होते, पण 옷 안 (कपड्याच्या आत) चे [오단] होते. 맛없다 (बेचव असणे) [마덥따] वाचतात, तेही याच कारणाने. 맛있다 (चविष्ट असणे) चे मात्र [마딛따] आणि [마싣따] हे दोन्ही उच्चार प्रमाण मानले आहेत.

तिसरी पायरी: पुढे विराम असल्यास

पुढे काहीच नसेल तेव्हा कितीही वेगवेगळी व्यंजने लिहिलेली असली तरी तोंडातून फक्त सात ध्वनी निघतात: ㄱ, ㄴ, ㄷ, ㄹ, ㅁ, ㅂ, ㅇ. ㅋ आणि ㄲ हे ㄱ मध्ये जातात, ㅍ हा ㅂ मध्ये जातो, आणि ㅅ, ㅆ, ㅈ, ㅊ, ㅌ हे सगळे ㄷ मध्ये एकवटतात. तळाचा ㅎ ही येथेच येतो. 1988 मध्ये जाहीर झालेल्या प्रमाण उच्चारनियमांत हे सात ध्वनी स्पष्टपणे दिलेले आहेत. म्हणून 빗 (कंगवा), 빚 (कर्ज) आणि 빛 (प्रकाश) हे तीनही शब्द एकटे उच्चारले तर [빋] असेच ऐकू येतात.

मराठी बोलणाऱ्याची येथे एक ठरावीक चूक होते. आपण ‘हात’, ‘पाप’, ‘नाक’ म्हणताना शेवटचे व्यंजन मोकळे सोडतो आणि हवा बाहेर पडते. कोरियनमध्ये जीभ किंवा ओठ त्या जागी बंद होतात आणि तसेच बंद राहतात. 밥 (भात) म्हटल्यावर ओठ मिटलेले राहिले पाहिजेत. तपासण्यासाठी ओठांसमोर पातळ कागदाची पट्टी धरावी. शब्दाच्या शेवटी ती हलली तर व्यंजन सुटले. दुसरी चूक वाचणाऱ्या डोळ्यांची असते: 꽃 दिसले की ‘क्कोच’ म्हणण्याचा मोह होतो. पुढे स्वर नाही, तर ‘च’ नाही, इतके लक्षात ठेवले तरी पुरते.

चौथी पायरी: पुढे व्यंजन असल्यास

येथे क्रम चुकला की उत्तर चुकते. आधी तिसऱ्या पायरीप्रमाणे तळाचे व्यंजन सातपैकी एका ध्वनीवर आणायचे आणि त्यानंतरच शेजारच्या व्यंजनाशी त्याची गाठ घालायची. दोन वेगळ्या व्यंजनांची जोडी असेल तर आधी त्यातील एक गळते, आणि कोणते गळते ते जोडीनुसार ठरलेले आहे.

पुढे ㄴ किंवा ㅁ असल्यास जगन्नाथाचा नियम लागतो: ㄱ चा ㅇ, ㄷ चा ㄴ, ㅂ चा ㅁ. आपल्या वाक्यातील 쫓는 घ्या. ㅊ आधी ㄷ होतो, म्हणजे [쫃는], आणि मग ㄴ पूर्वी ㄷ चा ㄴ होतो, म्हणजे [쫀는]. 왔는데 मध्येही ㅆ आधी ㄷ आणि मग ㄴ, म्हणून [완는데]. जो विद्यार्थी पहिली उडी वगळतो, त्याला ㅊ चे काय करावे हे सुचत नाही आणि तो ‘च्चोछ्‌नुन’ असे काहीतरी वाचतो. सुरुवातीच्या वीस-पंचवीस शब्दांसाठी तरी मधले रूप तिसऱ्या रकान्यात बाण काढून लिहावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

पुढे ㄱ, ㄷ, ㅂ, ㅅ, ㅈ असून तळाचा ध्वनी ㄱ, ㄷ किंवा ㅂ असेल, तर पुढचे व्यंजन कडक होते. 없다 मध्ये ㅄ जोडीतील ㅅ गळतो, उरतो ㅂ, आणि त्यानंतरचा ㄷ कडक होऊन [업따] मिळते. 학교 (शाळा) [학꾜] आणि 옷장 (कपाट) [옫짱] हेही तसेच. बंद राहिलेल्या व्यंजनानंतर जोर आपोआप पुढच्या व्यंजनावर येतो, त्यामुळे शेवटचे व्यंजन न सोडण्याची सवय झाली की हा बदल बऱ्याच अंशी विनासायास घडतो.

पुढे किंवा तळाशी ㅎ असेल तर देवनागरी मदतीला येते. क् + ह = ख, त् + ह = थ, प् + ह = फ. 입학 (शाळाप्रवेश) चे [이팍], 좋다 चे [조타], आणि 못하다 चे आधी [몯하다] व मग [모타다].

ㄹ च्या शेजाराविषयी एवढेच पुरे: ㄴ आणि ㄹ एकत्र आले की सहसा दोन्ही ㄹ होतात, जसे प्राचीन राज्याचे नाव 신라 [실라] (आपले तत् + लीन = तल्लीन आठवावे), आणि ㅁ किंवा ㅇ नंतर आलेला ㄹ हा ㄴ होतो, जसे 종로 [종노].

आता पूर्ण वाक्य तिसऱ्या रकान्यात असे उतरते:

[달기 바테 드러완는데 가치 쫀는 사라미 업따]

हे मोठ्याने वाचताना शब्दांतील मोकळ्या जागांवर अर्थानुसार थांबावे, अक्षरांवर थांबू नये. अक्षर सुटे-सुटे वाचणाऱ्याच्या तोंडून एकही बदल नैसर्गिकपणे निघत नाही, कारण प्रत्येक अक्षरानंतर तो नकळत विराम घेत असतो आणि विरामापुढे फक्त तिसरी पायरीच लागू होते.

उलट दिशा: ऐकून शुद्ध लिहिणे

कोरियातील प्राथमिक शाळांच्या खालच्या वर्गांत 받아쓰기, म्हणजे श्रुतलेखन, असते. तेथील मुलेही 같이 ऐवजी 가치 लिहितात, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्याने ही चूक केली तर त्यात खंत वाटण्यासारखे काही नाही. मात्र ती ओळखण्याची रीत हवी.

रीत अशी की ऐकलेल्या शब्दाला स्वराने सुरू होणारा प्रत्यय लावून पाहायचा, कारण मूळ व्यंजन फक्त स्वरापूर्वीच उघडे पडते. नामाला 이 किंवा 을 लावावा, क्रियापदाला 아 किंवा 어. [빋] ऐकू आले आणि संदर्भ कंगव्याचा असेल, तर 이 लावल्यावर [비시] होते, म्हणून 빗. कर्जाचे [비지], म्हणून 빚. प्रकाशाचे [비치], म्हणून 빛. क्रियापदांत [만는] हे चांगले उदाहरण आहे. ‘बरोबर असणे’ या क्रियेचे रूप 아 लावल्यावर [마자] होते, तेव्हा लेखन 맞는. ‘वास घेणे’ या क्रियेचे [마타] होते, तेव्हा लेखन 맡는. त्याचप्रमाणे [단는] च्या मागे [다다] असेल तर 닫는 (बंद करणे) आणि [다아] असेल तर 닿는 (स्पर्श होणे). कार्यपत्रिकेत यासाठी पाचवा रकाना जोडून त्यात स्वर लावलेले रूप लिहावे. शब्दसंग्रहाच्या वहीतही क्रियापद शिकताना -다 रूपासोबत -아/어 रूप लिहून ठेवले, तर शुद्धलेखनाचा पुरावा आधीच हाताशी असतो.

या रीतीच्या दोन मर्यादा आहेत. पहिली बोलीची. दैनंदिन बोलण्यात अनेक कोरियन भाषक 닭이 चा उच्चार [다기], 부엌에 चा [부어게], 꽃을 चा [꼬슬] आणि 밭을 चा [바츨] करतात. प्रमाण उच्चार अनुक्रमे [달기], [부어케], [꼬츨] आणि [바틀] आहेत. मालिकेतील संवाद ऐकून व्यंजन ठरवले तर 꽃 ऐवजी 꼿 लिहिले जाईल. म्हणून कसोटीचे रूप शब्दकोशातील चौकटी कंसातून घ्यावे, संवादातून नव्हे.

दुसरी मर्यादा अशा शब्दांची, ज्यांच्या आत मूळ रूप शोधण्यासारखे काही नसते. 국수 (शेवया) [국쑤] आणि 갑자기 (अचानक) [갑짜기] यांत ㄱ आणि ㅂ नंतरचा कडकपणा नियमाने येतोच, म्हणून लेखनात तो दाखवत नाहीत; ऐकून 국쑤 लिहिणे चूक आहे. ‘काही दिवस’ किंवा ‘कितवी तारीख’ या अर्थाचा 며칠 हा तर उच्चाराप्रमाणेच लिहितात. त्याला 몇 (किती) आणि 일 (दिवस) यांचा जोड समजून 몇일 लिहिण्याची चूक कोरियन प्रौढांकडूनही होते. हे शब्द वेगळ्या यादीत ठेवून पाठ करावेत.

कार्यपत्रिका तपासताना दोन्ही दिशा वेगळ्या दिवशी घ्याव्यात. आज छापील वाक्यावरून उच्चाराची ओळ लिहावी आणि ती वाचून ध्वनिमुद्रित करावी. तीन दिवसांनी छापील वाक्य झाकून, फक्त स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकून मूळ लेखन पुन्हा लिहून पाहावे. 쫓는 ऐवजी 쫀는 लिहिले गेले, तर क्रियापदाला 아 लावण्याची कसोटी राहून गेली आहे. 쫏는 लिहिले गेले, तर कसोटी लावली, पण [쪼차] हे रूप ठाऊक नव्हते. पहिल्या चुकीसाठी पाचवा रकाना पुन्हा भरावा लागतो आणि दुसरीसाठी शब्दकोश उघडावा लागतो.